उमराहच्या तिकिटाजवळचा कार्बनचा आकडा : थेट विमान बरं की मध्ये थांबणारं?

उमराहला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा तिकिटाची होते. मुंबई ते जेद्दा थेट विमान घ्यायचं, की दुबई, मस्कत किंवा आणखी कुठे उतरून दुसरं विमान पकडायचं? थेट जाणारं बहुतेक वेळा महाग पडतं. मध्ये थांबणारं स्वस्त असतं, पण अब्बा-अम्मींना विमानतळावर चार-पाच तास बसवून ठेवायचं जिवावर येतं. दर, वेळ आणि सामान या तीन गोष्टी बघून आपण तिकीट काढतो.

गेल्या काही वर्षांत याच यादीत चौथी गोष्ट दिसायला लागली आहे. गूगल फ्लाइट्सवर तारीख टाकून शोधलं की प्रत्येक विमानासमोर `kg CO2e` असा आकडा येतो आणि त्याखाली `-12% emissions`, `Avg emissions` किंवा `+20% emissions` असं काहीतरी लिहिलेलं असतं. कमी असेल तर ते हिरव्या रंगात दिसतं. हा आकडा 2021 पासून दाखवला जातो. अनेकांनी तो पाहिला आहे, पण तो नक्की कशाचा, थेट विमानाचा कमी का असतो आणि कधीकधी मध्ये थांबणाऱ्याचाच कमी कसा निघतो, हे फारसं कुणी सांगत नाही. आम्ही इथे मुंबई-जेद्दा हाच मार्ग घेऊन ते समजून घेणार आहोत.

आकडा कशाचा आहे?

विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं केरोसिनच. ते जळताना त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजनचं वजन त्यात मिळत असल्यामुळे एक किलो इंधनातून साधारण 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून विमानाने किती इंधन जाळलं हे कळलं, की धूर किती झाला तेही कळतं.

मग तो धूर प्रवाशांमध्ये वाटायचा. विमानात सीट किती, त्यातल्या साधारण किती भरलेल्या असतात आणि आपली सीट इकॉनॉमीची की बिझनेसची, यावरून आपल्या वाट्याला येणारा आकडा ठरतो. गूगल यासाठी ‘ट्रॅव्हल इम्पॅक्ट मॉडेल’ नावाची पद्धत वापरतं. तिची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे आणि इंधनाचा हिशेब युरोपियन पर्यावरण संस्थेच्या तक्त्यांवर आधारलेला आहे. कोणतं विमान, किती अंतर, कोणती सीट, एवढं घेऊन हा अंदाज काढला जातो.

एक बारीक गोष्ट. पडद्यावर CO2 च्या पुढे `e` असतो. त्याचा अर्थ असा, की फक्त विमानात जळलेलं इंधन धरलेलं नाही. ते इंधन जमिनीतून काढणं, रिफायनरीत तयार करणं आणि विमानतळापर्यंत पोहोचवणं यात झालेला धूरही त्यात मिळवलेला आहे. त्यामुळे नुसत्या जळण्याच्या हिशेबापेक्षा पडद्यावरचा आकडा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त येतो. आपण खाली जो हिशेब करणार आहोत तो नुसत्या जळण्याचा आहे. म्हणून तो पडद्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, पण कोणता मार्ग जास्त आणि कोणता कमी, हे त्यातून नीट कळतं.

दोनदा उड्डाण म्हणजे काय खर्च?

मुंबई ते जेद्दा सरळ रेषेत साधारण 3,520 किलोमीटर आहे. दुबईमार्गे गेलं तर मुंबई-दुबई 1,927 आणि दुबई-जेद्दा 1,698, म्हणजे मिळून 3,625 किलोमीटर. फरक फक्त शंभरेक किलोमीटरचा. मस्कतमार्गे तर चाळीसेक किलोमीटरच जास्त पडतात. नकाशा समोर ठेवला तर कारण लगेच दिसतं. ही शहरं मुंबई-जेद्दाच्या रेषेजवळच आहेत, म्हणजे आपण फारसे वाट सोडून जातच नाही.

मग थांबणाऱ्या विमानाचा धूर जास्त का? कारण उड्डाण दोनदा होतं. विमानाला सर्वात जास्त जोर लागतो तो जमिनीवरून वर उठताना. त्याआधी धावपट्टीपर्यंत जाताना, रांगेत उभं राहताना इंजिन चालूच असतं. उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जायचं असतं. जमिनीवरचं हे चालणं, उड्डाण आणि उतरणं, साधारण 3,000 फुटांच्या खालचा सगळा भाग, हिशेबात वेगळा धरतात. ए-320 सारख्या विमानाला या एका फेरीत साधारण 800 किलो इंधन लागतं. मध्ये थांबलं की हे 800 किलो दुसऱ्यांदा जळतात.

आता हिशेब मांडू. सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच विमान धरू : ए-320, 180 सीट, सगळ्या इकॉनॉमी, त्यातल्या 153 भरलेल्या. वर गेल्यावर दर किलोमीटरला सरासरी 2.8 किलो इंधन धरू. हे आपण हिशेबासाठी धरलेले ढोबळ आकडे आहेत.

थेट विमान : उड्डाण-उतरण्याचे 800 किलो आणि 3,520 किलोमीटरचे साधारण 9,860 किलो, मिळून सुमारे 10,660 किलो इंधन. त्याला 3.16 ने गुणलं आणि 153 प्रवाशांत वाटलं, तर एका माणसाच्या वाट्याला साधारण 220 किलो कार्बन डायऑक्साइड येतो.

दुबईमार्गे : उड्डाण-उतरणं दोनदा म्हणजे 1,600 किलो, आणि 3,625 किलोमीटरचे 10,150 किलो. मिळून 11,750 किलो. एका माणसाचे साधारण 243 किलो.

म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या आसपास. जास्तीच्या सुमारे 1,100 किलो इंधनात 800 किलो दुसऱ्या उड्डाणाचे आणि फक्त 300 किलो जास्तीच्या अंतराचे आहेत.

शहर वाटेवर आहे की वाट सोडून?

दुबई आणि मस्कत वाटेवर आहेत, म्हणून फरक दहा टक्क्यांवर थांबला. पण तिकीट शोधताना यादीत अदिस अबाबामार्गे, इस्तंबूलमार्गे जाणारे पर्यायही येतात आणि काही वेळा तेच सर्वात स्वस्त असतात.

अदिस अबाबा जेद्दाच्या बरंच दक्षिणेला आहे. मुंबईहून तिथपर्यंत साधारण 3,835 किलोमीटर. म्हणजे जेद्दापेक्षा लांब जायचं आणि मग 1,412 किलोमीटर उत्तरेकडे परत यायचं. एकूण 5,247 किलोमीटर. वरच्याच हिशेबाने एका माणसाचे साधारण 336 किलो होतात, थेट विमानाच्या दीडपट.

इस्तंबूलचं तर विचारूच नका. मुंबईहून 4,835 किलोमीटर वायव्येला जायचं आणि तिथून 2,387 किलोमीटर दक्षिणेकडे जेद्दाला उतरायचं. एकूण 7,222 किलोमीटर, सरळ अंतराच्या दुपटीहून जास्त. एका माणसाचे साधारण 451 किलो. ज्यांना उमराहसोबत तुर्की बघायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना तिथे जायचंच आहे. पण ज्यांना फक्त विमान बदलायचं आहे, त्यांच्यासाठी हा सगळा फेरा नुसत्या कनेक्शनसाठी होतो.

हे आकडे घरच्या भाषेत आणून बघू. आपल्याकडे एक युनिट वीज तयार करताना साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन दुबईमार्गे गेलं तर थेट विमानापेक्षा साधारण 184 किलो जास्त होतात, म्हणजे 260 युनिट विजेइतके. एखाद्या घराचं दोन-अडीच महिन्यांचं बिल समजा. तेच कुटुंब इस्तंबूलमार्गे गेलं तर जास्तीचे 1,850 किलो होतात, म्हणजे 2,600 युनिटहून जास्त. ते वर्षभराच्या विजेच्याही पुढे जातं. म्हणून ‘एक स्टॉप’ एवढ्याच शब्दांवरून काही ठरत नाही. तो स्टॉप कुठे आहे, यावर सगळं आहे.

थांबणाऱ्याचा आकडा कमी, हे कसं काय?

आता ज्या गोष्टीने बरेच जण गोंधळतात ती बघू. कधीकधी यादीत थेट विमानासमोर `+10% emissions` असतं आणि दुबईमार्गे जाणाऱ्यासमोर हिरव्या रंगात कमी टक्के असतात. हे चुकलंय का? बहुतेक वेळा नाही. कारण विमान बदललेलं असतं.

एअरबसच्या ए-320 चं नवं रूप म्हणजे ए-320 निओ. नव्या इंजिनांमुळे ते जुन्यापेक्षा साधारण 15 ते 20 टक्के कमी इंधन खातं. आपल्या हिशेबात दुबईमार्गे दोन्ही टप्पे निओ विमानाने झाले असं धरा आणि 15 टक्के वजा करा. 11,750 किलोचे साधारण 9,990 किलो होतात, एका माणसाचे 206. थेट जाणारं विमान मात्र जुनं ए-320 असेल तर ते 220 वरच राहतं. म्हणजे दोनदा उड्डाण करूनही थांबणारं विमान पुढे गेलं. एका जास्तीच्या उड्डाणाचं दहा टक्क्यांचं नुकसान नव्या इंजिनांनी भरून काढलं.

दुसरं कारण सीटचं. त्याच विमानात एक कंपनी 180 सीट बसवते, दुसरी पुढे बिझनेसच्या रुंद सीट ठेवून एकूण सीट कमी करते. इंधन जवळपास तेवढंच, पण वाटेकरी कमी. म्हणून प्रत्येकाचा वाटा वाढतो. मोठ्या, दोन गल्ल्यांच्या विमानात हा फरक आणखी दिसतो. तिथे एक बिझनेस सीट इकॉनॉमीच्या चार सीटइतकी धरली जाते आणि फर्स्ट क्लासची पाच सीटइतकी. लहान, एका गल्लीच्या विमानात बिझनेस सीट दीडपट धरतात. त्यामुळे बिझनेस निवडून शोधलं तर त्याच विमानाचा आकडा एकदम वर जातो. विमान तेच असतं, आपण त्यातली जागा जास्त घेतलेली असते.

तिसरं कारण फार लांबच्या प्रवासाला लागू होतं. मुंबई-न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. एवढं लांब न थांबता जायचं तर विमानाला सुरुवातीलाच प्रचंड इंधन भरून उडावं लागतं, आणि ते वजन वाहायलाच बरंच इंधन जातं. अशा मार्गावर रेषेजवळच्या शहरात एकदा थांबणं फारसं महाग पडत नाही, कधी फायद्याचंही ठरू शकतं. मुंबई-जेद्दा चार-साडेचार हजार किलोमीटरच्याही आतलं आहे. इथे ते वजन एवढं मोठं नसतं, म्हणून विमान सारखंच असेल तर थेट जाणारंच पुढे राहतं.

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. नवं विमान पंधरा-वीस टक्के वाचवू शकतं, पन्नास-शंभर टक्के नाही. अदिस अबाबा किंवा इस्तंबूलचा फेरा कितीही नव्या विमानाने केला तरी थेट विमानाच्या खाली येत नाही.

टक्के बघू नका, किलो बघा

पडद्यावरचे टक्के कशाशी तुलना करून काढलेले असतात? त्याच मार्गावर नेहमी किती धूर होतो, त्या नेहमीच्या आकड्याशी. इथेच फसगत होते.

समजा तुमच्या शहरातून जेद्दाला नियमित थेट विमानच नाही. मग यादीतले सगळे पर्याय मध्ये थांबणारेच असतील आणि ‘नेहमीचा’ आकडाही त्यांचाच असेल. त्यात एखाद्यासमोर हिरव्या रंगात `-15% emissions` दिसलं तरी ते मुंबईहून जाणाऱ्या साध्या थेट विमानापेक्षा बरंच जास्त असू शकतं. तसंच मदिनेला उतरायचं की जेद्दाला, असा विचार असेल तर दोन्ही शोधांतले टक्के एकमेकांशी जोडू नका. दोघांचा ‘नेहमीचा’ आकडा वेगळा आहे. किलोचा आकडा मात्र कुठेही किलोच असतो. तोच लिहून घ्या आणि तोच ताडून बघा.

दुसरं, फक्त स्क्रीनवरच्या विमानाचाच हिशेब होतो. नागपूरहून किंवा संभाजीनगरहून मुंबईला वेगळ्या तिकिटाने विमानाने आलात, तर तो धूर या आकड्यात नाही. तो वेगळा शोधून त्यात मिळवावा लागतो. रेल्वेने आलात तर हा भाग फारच कमी होतो.

आकड्यात काय येत नाही

हा अंदाज आहे, मीटरचं रीडिंग नाही. त्या दिवशी विमान किती भरलं, वारा समोरून होता की मागून, उतरण्याआधी वर घिरट्या माराव्या लागल्या का, हे त्याला माहीत नसतं. कंपनीने आयत्या वेळी विमान बदललं तर आकडाही बदलतो. म्हणून दोन विमानांत दोन-चार टक्क्यांचा फरक असेल तर त्याला फार किंमत देऊ नका. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर असेल तरच तो खरा फरक माना.

आणखी एक गोष्ट. विमानामागे आकाशात पांढरी रेघ उमटते, ती इंजिनातून निघालेल्या पाण्याच्या वाफेचे बर्फाचे कण असतात. थंड आणि दमट हवेत त्या रेघा पसरून ढगासारख्या होतात आणि जमिनीची उष्णता अडवून धरतात. रात्री हा परिणाम जास्त असतो. 2022 मध्ये गूगलने कार्बनखेरीजचे असे परिणाम किलोच्या आकड्यातून काढून टाकले, कारण एकेका विमानासाठी त्यांचा अंदाज अजून पक्का नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर टीकाही झाली. आपण एवढंच समजून घ्यावं की पडद्यावर दिसतो तो हवामानावरचा पूर्ण भार नाही, त्याचा मोजता येणारा भाग आहे.

तिकीट काढताना

एजंटकडून पॅकेज घेत असाल तर ‘डायरेक्ट आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. विमानसेवेच्या भाषेत ‘डायरेक्ट’ म्हणजे एकाच नंबरचं विमान, पण ते मध्ये उतरू शकतं. न थांबता जाणाऱ्याला `Nonstop` म्हणतात. म्हणून ‘मध्ये कुठे उतरतं का, आणि कुठे?’ असं विचारा.

स्वतः शोधत असाल तर आधी फक्त जाण्याचं एकेरी तिकीट शोधा, म्हणजे आकडा कशाचा आहे यात गोंधळ होत नाही. येण्याचं वेगळं बघा, कारण परतीला विमान दुसरं असू शकतं. मग पसंतीच्या दोन-तीन पर्यायांवर क्लिक करून तपशील उघडा. तिथे प्रत्येक टप्प्याला कोणतं विमान आहे ते लिहिलेलं असतं. नावात `neo` किंवा `MAX` असेल, किंवा मोठ्या विमानांत `787` वा `A350` असेल, तर ते नव्या पिढीचं विमान. आणि थांब्याचं शहर नकाशावर मुंबई-जेद्दाच्या रेषेवर येतं का, हे एकदा बघून घ्या.

दुबई-मस्कतमार्गे चांगल्या विमानाने जाणारं तिकीट परवडत असेल, तर धुराच्या हिशेबाने त्यात मोठं वावगं नाही. थेट विमान आणि त्यातला फरक एका माणसामागे वीस-पंचवीस किलोच्या आसपास राहतो, कधी उलटाही होतो. मग दर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची सोय बघून ठरवा. पण चार पैसे वाचतात म्हणून दुसऱ्या खंडाचा फेरा घेणारं तिकीट समोर आलं, तर पैसे देण्याआधी त्याचा किलोचा आकडा थेट विमानाशेजारी ठेवून बघा. तिथे वाचलेल्या पैशांसोबत दीडपट ते दुप्पट धूर आणि कितीतरी जास्त तासांचा सफरही आपण विकत घेत असतो.